लॅपटॉपने स्वतःच घेतलेला 169.254 पत्ता आणि त्यावरून राउटरबद्दल काय कळतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण काहीच उघडत नाही. आयपी पत्ता 169.254 ने सुरू होतो. हा पत्ता कुठून आला?

तो लॅपटॉपने स्वतःच घेतला आहे. राउटरचा त्यात काही हात नाही.

नेटवर्कला जोडल्यावर लॅपटॉप आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो: इथे पत्ता देणारं कोणी आहे का? हा डिस्कव्हर संदेश. राउटरमधली डीएचसीपी सेवा एक पत्ता देऊ करते, ती ऑफर. लॅपटॉप तोच पत्ता मागतो, ती रिक्वेस्ट. मग राउटर पक्कं करतो, तो ॲक. चार संदेश पूर्ण झाले की ठरावीक मुदतीसाठी पत्ता लॅपटॉपचा होतो. या मुदतीच्या वाटपाला लीज म्हणतात.

डिस्कव्हरला उत्तरच आलं नाही, तर लॅपटॉप थोडं थांबून पुन्हा हाक देतो, मग आणखी थोडं थांबून. काही वेळाने विंडोज आणि मॅक दोन्ही 169.254.1.0 ते 169.254.254.255 या पट्ट्यातला एक पत्ता निवडतात. तो शेजारी कोणी वापरत नाही ना, हे एआरपीने, म्हणजे 'हा पत्ता कोणाकडे आहे?' असं नेटवर्कवर विचारून, तपासतात आणि स्वतःला लावून घेतात. ही पद्धत २००५ सालच्या आरएफसी ३९२७ मध्ये नोंदवलेली आहे. विंडोजमध्ये ती त्याच्या आधीपासून, विंडोज ९८ पासून आहे. `ipconfig /all` च्या उत्तरात `Autoconfiguration IPv4 Address` अशी ओळ दिसते. मॅकवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `self-assigned IP` असा उल्लेख येतो.

पुढचे दोन आकडे बहुतेक वेळा मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावरून, ठरवले जातात, म्हणून त्याच लॅपटॉपला पुन्हा पुन्हा तोच 169.254 पत्ता मिळताना दिसतो. त्या आकड्यांत बिघाडाचा कोणताही मागमूस नसतो. ते शोधत बसू नका.

म्हणजे राउटर बिघडला आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, आणि या एका घाईच्या निष्कर्षापायी चांगले राउटर बदलले जातात. या पत्त्याचा नेमका अर्थ इतकाच: लॅपटॉपला डीएचसीपीचं उत्तर मिळालं नाही. हाक राउटरपर्यंत पोहोचली नसेल. पोहोचली असेल, पण सेवा बंद किंवा अडकलेली असेल. सेवा चालू असेल, पण वाटायला पत्ते उरले नसतील. किंवा राउटरने उत्तर दिलं असेल आणि ते वाटेत हरवलं असेल. लॅपटॉपवरून पाहिलं तर हे चारही प्रकार सारखेच दिसतात.

एक गोष्ट मात्र यातून नक्की वगळता येते. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून 169.254 येत नाही. घरगुती राउटरची डीएचसीपी सेवा राउटरच्या आतच असते आणि बाहेरची लाइन तुटली तरी ती पत्ते वाटत राहते. लाइन गेली असती तर तुमच्याकडे 192.168 किंवा 10 ने सुरू होणारा नेहमीचा पत्ता असता आणि फक्त पानं उघडली नसती. तेव्हा 169.254 दिसत असताना इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवण्याआधी घरातलं तपासा. कंपनीनेच राउटर दिला असेल तर तक्रार तिथे जाईलच, पण ती लाइनची नव्हे, राउटरची असेल.

मी राउटरला पिंग केलं, उत्तर आलं नाही. मग तर राउटरच बंद म्हणायचा ना?

नाही. ही चाचणी या अवस्थेत निरुपयोगी आहे. 169.254 चा मास्क, म्हणजे कुठले पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे सांगणारा आकडा, 255.255.0.0 असतो आणि सोबत गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, नसतो. लॅपटॉपच्या दृष्टीने 192.168.1.1 हा वेगळ्याच नेटवर्कमधला पत्ता आहे आणि तिकडे जायचा रस्ता त्याला माहीत नाही. विंडोजवर `General failure` दिसलं तर पिंग लॅपटॉपच्या बाहेरही पडलेलं नसतं. राउटर ठणठणीत असला तरी हेच दिसेल.

मग नक्की काय तपासायचं?

लॅपटॉपला थोड्या वेळासाठी हाताने पत्ता द्या. दोष जोडणीत आहे की पत्ते वाटण्यात, हे वेगळं करणारी यापेक्षा सोपी चाचणी माझ्या माहितीत नाही.

आधी त्याच नेटवर्कवर नीट चालणाऱ्या फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवेचा पत्ता पाहा. समजा तो 192.168.1.1 आहे आणि मास्क 255.255.255.0. आता लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये पत्ता `192.168.1.240`, मास्क तोच आणि गेटवे `192.168.1.1` असं भरा. शेवटचा आकडा असा घ्या की जो राउटर स्वतः वाटत नसेल आणि दुसरं कोणी वापरत नसेल. मग हे चालवा:

```
ping 192.168.1.1
arp -a
```

राउटरचं उत्तर आलं, तर वाय-फाय किंवा केबल, राउटरची स्विच आणि त्याचा मेंदू हे सगळं चालू आहे. दोष डीएचसीपीच्या संवादापुरता उरतो.

उत्तर आलं नाही, तर `arp -a` च्या यादीत 192.168.1.1 समोर मॅक पत्ता आहे का ते पाहा. मॅक पत्ता दिसला तर दोघांचं बोलणं होतंय. काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तेवढाच प्रकार असू शकतो. मॅक पत्ताही नसेल तर जोडणीच मोडलेली आहे: सैल केबल, मेलेला पोर्ट, चुकीच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, टाकलेला पोर्ट, किंवा लॅपटॉपचं वाय-फाय नुसतं जोडल्यासारखं दिसतंय. अशा वेळी डीएचसीपीची सेटिंग उलगडत बसण्यात अर्थ नाही.

चाचणी झाली की पत्ता पुन्हा आपोआप घेण्यावर आणा. हे विसरलं तर पुढचं सगळं निदान चुकत जातं.

हाताने पत्ता दिल्यावर इंटरनेटसुद्धा चालू झालं. बाकीचे सगळे फोनही चालू आहेत. फक्त हा नवा लॅपटॉपच अडतो. का?

सगळ्यांत आधी पत्त्यांचा साठा संपल्याचा संशय घ्या. हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो येतो आणि आपोआप निघूनही जातो.

एक उदाहरण घेऊ. लहान कार्यालयातला राउटर 192.168.1.100 ते 192.168.1.149 असे ५० पत्ते वाटतो. लीजची मुदत ७ दिवस. कायमची उपकरणं १४, आणि रोज बाहेरून येणाऱ्यांचे साधारण ६ नवे फोन जोडले जातात. एका वेळी जोडलेली उपकरणं वीसच्या आसपास, म्हणून ५० पत्ते पुष्कळ वाटतात. पण निघून गेलेला फोन सहसा पत्ता परत करून जात नाही. तो नुसता आवाक्याबाहेर जातो आणि त्याची नोंद राउटरकडे ७ दिवस तशीच राहते.

आता मोजा. ५० मधून कायमचे १४ गेले, उरले ३६. रोज ६ प्रमाणे ते ६ दिवसांत संपतात. सातव्या दिवशी कोणीतरी नवा लॅपटॉप सुरू करतं आणि त्याला 169.254 मिळतो. आधीपासून जोडलेल्या कोणालाच काही जाणवत नाही, कारण त्यांचं फक्त नूतनीकरण होत असतं आणि त्याला नवा पत्ता लागत नाही. आठव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या लीज संपू लागतात, पत्ते मोकळे होतात आणि तोच लॅपटॉप कोणी काहीही न करता जोडला जातो. मग ठरतं की लॅपटॉपचंच काहीतरी होतं. काही दिवसांनी सगळं पुन्हा घडतं.

काही फोन नेटवर्क विसरून पुन्हा जोडल्यावर किंवा ठरावीक काळाने नवा मॅक पत्ता धारण करतात. राउटरच्या लेखी ते प्रत्येक वेळी नवं उपकरण, म्हणून एकच फोन दोन-तीन पत्ते अडवून ठेवू शकतो.

साठा संपल्यावर राउटर लॅपटॉपला तसं कळवत नाही. डीएचसीपीत त्यासाठी वेगळा संदेशच नाही, तो नुसता गप्प राहतो. खात्री करायची तर राउटरच्या पानावर लीजची यादी उघडा आणि ओळी मोजा. अनेक राउटरच्या आत डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम हे काम करतो. लॉग दिसत असेल तर त्यात `no address available` असे शब्द सापडतात. सापडले की शोध संपला.

उपाय दोन आणि दोन्ही करा. पट्टा वाढवा, उदाहरणार्थ 192.168.1.20 ते 192.168.1.239, म्हणजे २२० पत्ते. वर दिलेला हाताने लावायचा 240 त्याच्या बाहेरच राहतो. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असेल तर मुदत काही तासांवर आणा. मुदत ४ तासांची केली तर सकाळी येऊन गेलेल्या फोनचा पत्ता दुपारपर्यंत मोकळा होतो. मात्र नवी मुदत फक्त नव्या लीजला लागू होते. आधी ७ दिवसांसाठी दिलेले पत्ते त्यांची मुदत संपेपर्यंत अडकलेलेच राहतात. म्हणून नुसती मुदत बदलून त्याच दिवशी फरक पडला नाही तर उपाय चुकला असं समजू नका.

राउटर बंद-चालू केला की लगेच ठीक होतं. यातून काय समजावं?

ठीक झालं हे चांगलंच, पण पुरावा पुसला गेला. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये लीजची यादी तात्पुरत्या स्मृतीत असते. रीस्टार्टमध्ये ती जाते आणि सगळे पत्ते मोकळे दिसू लागतात. अडकलेली डीएचसीपी सेवा नव्याने सुरू होते. वाय-फायच्या किल्ल्याही नव्याने वाटल्या जातात. तीन वेगवेगळे बिघाड एकाच कृतीने झाकले जातात, म्हणून पुढच्या वेळी रीस्टार्ट करण्याआधी यादी आणि लॉग पाहून घ्या.

यादी पुसली गेल्यावर आणखी एक शक्यता निर्माण होते. एखादं उपकरण अजून आपला जुना पत्ता वापरत असतं आणि राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊ करतो. चांगली डीएचसीपी सेवा पत्ता देण्याआधी पिंग करून पाहते, आणि लॅपटॉपही ॲक मिळाल्यावर एआरपीने तपासून टक्कर दिसली तर पत्ता नाकारतो. तरी दोन्हींतून निसटलेली टक्कर अधूनमधून दिसतेच. रीस्टार्टनंतर पत्ते एकमेकांवर आदळल्याची सूचना आली तर कारण बहुधा हेच.

लॉगमध्ये राउटर ऑफर देताना दिसतो, तरी लॅपटॉपला पत्ता मिळत नाही. असं कसं?

लॉगमध्ये एकाच मॅक पत्त्यासाठी डिस्कव्हर, ऑफर, पुन्हा डिस्कव्हर, पुन्हा ऑफर असं चाललेलं असेल आणि रिक्वेस्ट कधीच येत नसेल, तर डीएचसीपी सेवेला दोष देऊ नका. ती आपलं काम करते आहे. उत्तर परतीच्या वाटेवर हरवतंय.

वाय-फायवर हे घडण्याचं एक खास कारण आहे. लॅपटॉपकडून राउटरकडे जाणारी हाक त्या दोघांमधल्या स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध होते. राउटरकडून सगळ्यांसाठी जाणारे संदेश मात्र सगळ्यांच्या सामायिक किल्लीने कूटबद्ध होतात, आणि राउटर ती किल्ली अधूनमधून बदलतो. एखाद्या लॅपटॉपने ती बदललेली किल्ली नीट घेतली नाही, तर त्याची हाक पोहोचते, पण सर्वांना उद्देशून आलेलं काहीही त्याला वाचता येत नाही. ऑफर सर्वांना उद्देशून पाठवली गेली असेल तर ती हरवलीच.

हाताने पत्ता देण्याची चाचणी इथे चकवू शकते. त्या चाचणीत एआरपीचं उत्तर आणि पिंगचं उत्तर थेट लॅपटॉपच्या नावाने येतं, म्हणजे स्वतंत्र किल्लीने. म्हणून चाचणी यशस्वी होते आणि संशय डीएचसीपी सेवेवर जातो. लॉग पाहिला नाही तर माणूस नको तिथे खोदत राहतो.

लॅपटॉपच्या बाजूने पाहायचं असेल तर मॅकवर हे चालवा आणि दुसऱ्या खिडकीतून वाय-फाय बंद-चालू करा. लिनक्सवर `en0` च्या जागी आपल्या वाय-फायचं नाव घाला.

```
sudo tcpdump -ni en0 port 67 or port 68
```

फक्त 0.0.0.0 कडून 255.255.255.255 कडे जाणाऱ्या ओळी दिसल्या आणि राउटरकडून एकही आली नाही, तर उत्तर लॅपटॉपपर्यंत पोहोचलेलं नाही. राउटरची ओळ दिसते, तरीही पत्ता लागत नाही, तर उत्तर लॅपटॉपच्या आत अडतंय: फायरवॉल, व्हीपीएन किंवा सुरक्षा सॉफ्टवेअरने घातलेली गाळणी.

केबल लावून पाहणं हा इथला जलद मार्ग आहे. केबलवर लगेच पत्ता मिळाला आणि वाय-फायवर नाही, तर पत्त्यांचा साठा संपलेला नाही आणि सेवाही चालू आहे. वाय-फायची जोडणी तोडून पुन्हा जोडली की किल्ल्या नव्याने मिळतात. त्याने तात्पुरतं सुधारत असेल आणि काही तासांनी पुन्हा बिघडत असेल, तर राउटरचं फर्मवेअर आणि लॅपटॉपचा वाय-फाय ड्रायव्हर अद्ययावत करा.

काल सगळं चालत होतं. आज एकेक करून उपकरणं बंद पडत आहेत. हा काय प्रकार?

डीएचसीपी सेवा काही तासांपूर्वीच बंद पडली असण्याची ही खूण आहे. लीजची अर्धी मुदत झाली की उपकरण थेट राउटरकडे नूतनीकरण मागतं. उत्तर नाही आलं तर मुदतीच्या ८७.५ टक्क्यांवर ते सगळ्यांना हाक देऊ लागतं. मुदत पूर्ण संपली की पत्ता सोडावाच लागतो.

मुदत २४ तासांची असेल तर नूतनीकरण १२ तासांनी होतं, म्हणून सततच्या चालू उपकरणाकडे कोणत्याही क्षणी किमान १२ तास शिल्लक असतात. सेवा सकाळी १० वाजता बंद पडली तर ही उपकरणं रात्री १० पर्यंत बिनधास्त चालतील आणि त्यानंतर दुसऱ्या सकाळी १० पर्यंत एकेक गळत जातील. नवा आलेला लॅपटॉप मात्र सकाळीच अडेल. म्हणून सगळ्यांत आधी तक्रार करणाऱ्याला खोटं पाडू नका, त्याने बिघाड सर्वांत आधी पाहिलेला असतो.

विंडोजबाबत एक तपशील उपयोगी पडतो. लॅपटॉपकडे मुदत न संपलेली जुनी लीज असेल आणि सुरू होताना डीएचसीपीचं उत्तर आलं नाही, तर विंडोज त्या लीजमधल्या गेटवेला पिंग करून पाहतं. उत्तर आलं तर जुनाच पत्ता चालू ठेवतं. म्हणजे कालपर्यंत याच नेटवर्कवर असलेल्या विंडोज लॅपटॉपला लीज बाकी असताना 169.254 लागला, तर गेटवेचंही उत्तर आलेलं नाही. अशा वेळी मी आधी केबल, पोर्ट आणि वाय-फाय पाहीन, डीएचसीपी नंतर.

वाय-फायचा पासवर्ड चुकला तर 169.254 येतो का?

आजच्या डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ नेटवर्कवर सहसा नाही. पासवर्ड चुकला तर जोडणीच होत नाही आणि डीएचसीपीची पाळी येत नाही. जुन्या डब्ल्यूईपी नेटवर्कवर मात्र चुकीच्या किल्लीनेही जोडलं गेल्यासारखं दिसायचं आणि मग 169.254 यायचा. 169.254 दिसला की पासवर्ड तपासा, हा जुना सल्ला तिथून आलेला आहे.

169.254 असताना काही मोजक्या साइट उघडतात. हे शक्य आहे?

हो, आयपीव्ही६ मुळे. तिथे राउटर आपल्या नेटवर्कची घोषणा करतो आणि लॅपटॉप त्यावरून पत्ता तयार करतो. त्याला जुन्या डीएचसीपीची गरज पडत नाही. आयपीव्ही६ वर असलेल्या साइट उघडतात, बाकीच्या नाहीत. राउटर चालू आहे, जोडणी चालू आहे आणि राउटरच्या घोषणाही लॅपटॉपपर्यंत पोहोचत आहेत, याचा हा आयता पुरावा आहे. शोध थेट डीएचसीपी सेवेवर आणि साठ्यावर आणा.

राउटर दुरुस्त झाला. लॅपटॉप अजून 169.254 वरच आहे. रीस्टार्ट करू का?

गरज नाही. विंडोज अशा अवस्थेत दर ५ मिनिटांनी डीएचसीपीला पुन्हा हाक देतं आणि उत्तर मिळालं की स्वतःचा पत्ता सोडून देतं. थांबायचं नसेल तर:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

मॅकवर:

```
sudo ipconfig set en0 DHCP
```

हाताने दिलेल्या पत्त्यावर सगळं चालतंय, तर तोच कायम ठेवला तर?

मी ठेवणार नाही. साठा संपला असेल तर पुढच्या नव्या उपकरणाला तोच अडथळा येईल. सेवा बंद असेल तर बाकीची उपकरणं मुदत संपताच गळतील. शिवाय पत्ता राउटर वाटत असलेल्या पट्ट्यात असेल, तर कधीतरी तो दुसऱ्याला दिला जाऊन टक्कर होईल. लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर नेला की तिथे तो अजिबात चालणार नाही. एखाद्या उपकरणाला ठरलेला पत्ता हवाच असेल, जसं की प्रिंटर, तर राउटरमध्येच त्याच्या मॅक पत्त्यासाठी तो राखून ठेवा. मग वाटप राउटरकडेच राहतं आणि यादीतही दिसतं.